बाळ भुकेनं रडतंय, की आपण उठत नाही म्हणून?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठंही जा, बाळ बघायला आलेल्या माणसाचे प्रश्न ठरलेले असतात. मुलगा की मुलगी हे फोनवर आधीच कळलेलं असतं. म्हणून पहिला प्रश्न ‘नॉर्मल की सिझर?’, दुसरा ‘वजन किती भरलं?’ आणि बूड टेकलं की तिसरा, ‘दूध पुरतंय न्हवं?’ दुकानाच्या पाटीवर कुठली भाषा वर असावी यावरून आपण सीमाभागातली माणसं आयुष्यभर भांडू, पण बाळंतिणीच्या खोलीत मराठी मावशी आणि कन्नड शेजारीण हा प्रश्न एका सुरात विचारतात.

माझं म्हणणं असं, की हा तिसरा प्रश्न आपल्याकडून कायमचा बंद व्हायला पाहिजे, आणि त्याबरोबर बाळ बघायला जायची वेळ आणि रीतही बदलायला पाहिजे. चांगलं दिसत नाही म्हणून नव्हे. या प्रश्नानं आणि तो विचारायला जमलेल्या गर्दीनं आईचं दूध खरोखरच कमी होऊ शकतं, म्हणून. हे कुणाला अतिशयोक्ती वाटेल, तेव्हा जरा खोलात जाऊन बघू.

बाळंतपणानंतर पहिले दोन-तीन दिवस आईला येतो तो चीक. घट्ट, पिवळसर आणि अगदी थोडा. पहिल्या दिवशी बाळ एका वेळी 2 ते 10 मिली एवढाच घेतं, म्हणजे फार तर चहाचे दोन चमचे. चौथ्या दिवसापर्यंत हेच प्रमाण 30 ते 60 मिलीवर जातं. भरपूर दूध उतरायला दोन ते चार दिवस लागतात, सिझर झालं असेल तर कधी कधी आणखी एखादा दिवस. मधल्या काळात बाळाचं वजन घटतं. जन्माच्या वजनाच्या सात टक्क्यांपर्यंत घट ही नेहमीची गोष्ट आहे, दहा टक्क्यांच्या पुढं गेली तर डॉक्टरांनी बघायला हवं. मग वजन पुन्हा चढायला लागतं आणि दहा ते चौदा दिवसांत बहुतेक बाळं जन्माच्या वजनावर परत येतात.

आता पाहुण्यांचं वेळापत्रक बघा. दवाखान्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, नाहीतर घरी आल्या आल्या चौथ्या-पाचव्या दिवशी. म्हणजे दूध अजून पुरतं उतरलेलं नाही, बाळ जन्माला आलं तेव्हापेक्षा थोडं सुकलेलं दिसतंय, आईचे टाके ओढतायत आणि कमरेत जीव नाही, नेमके तेच दिवस आपण गाठतो. आणि दूध कमी आहे असं ज्या दिवसांत कुणालाही वाटेल, त्याच दिवसांत ते पुरतंय का म्हणून विचारतो.

दूध तयार होण्याचा हिशेब साधा आहे. बाळ जितकं ओढून घेईल तितकं पुढचं तयार होतं. स्तन भरलेलाच राहिला तर शरीर समजतं, एवढ्याची गरज नाही. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं असतं, आणि ते घड्याळाकडं बघून नव्हे, बाळाकडं बघून. भूक लागली की बाळ आधी चुळबुळ करतं, तोंड इकडं तिकडं वळवतं, जीभ बाहेर काढतं, मूठ तोंडात घालायला बघतं. रडणं ही भुकेची शेवटची खूण. रडण्यापर्यंत गेलेलं बाळ छातीशी धरलं तरी नीट लागत नाही, आधी त्याला शांत करावं लागतं. शिवाय पान्हा फुटायला आईचं मन जरा सैल असावं लागतं. लाज, भीती, वेदना यांनी तो तेवढ्यापुरता अडतो.

एका घरात हे सगळं मी संध्याकाळच्या दीड तासात डोळ्यांदेखत बघितलं. बेळगावात वडगावचं घर, मुलगी चंदगड तालुक्यातली. चंदगडची माणसं दवाखान्यासाठी बेळगावलाच येतात, मधली राज्याची सीमा नकाशावर राहते. सिझर झालेलं, त्या दिवशीच घरी सोडलेलं, बाळाचा चौथा दिवस. खोलीत पलंग, पलंगाशेजारी नवऱ्याच्या ऑफिसातले दोघं खुर्च्यांवर, येळ्ळूरहून आलेली एक आत्या, शेजारच्या दोघी. बशीत कुंदा फिरतोय. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ या हातातून त्या हातात जातंय.

बाळ मूठ चोखायला लागलं. शेजारची म्हणाली, ‘बघा की, किती हुशार, आत्ताच मूठ चोखूलालंय!’ सगळे हसले. आई हसली नाही. ती एकदा बाळाकडं आणि एकदा खुर्च्यांकडं बघत होती. तिला कळलं होतं, पण दोन परके पुरुष समोर बसलेले असताना ‘मला पाजायचंय, उठा’ म्हणायची आपल्याकडं सोय नाही. अशी पंधरा-वीस मिनिटं गेली. मग बाळानं सूर लावला, लालभडक होईपर्यंत. तेव्हा कुठं पुरुष बाहेर गेले आणि बाळ आईच्या हातात आलं. ती पदराखाली धडपडायला लागली, टाक्यांमुळं नीट टेकता येईना, चौघीजणी बघतायत, रडणारं बाळ दोनदा ओढून सोडून देतंय. मग आत्याबाईंनी निकाल दिला, ‘पोट भरत नाही गं त्याचं. दूधच नाही तर काय करील ते!’ शेजारणीनं तोडगा काढला, ‘वरचं चालू करा की. आमच्या सुनेचं पण असंच झालं होतं.’

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरा चपला घालून मेडिकलला पळाला, पावडरीचा डबा आणि बाटली घेऊन आला. बाळानं 60 मिली ओढलं आणि झोपलं ते चार तास. सगळ्यांना हायसं वाटलं. आत्याबाईंचं म्हणणं खरं ठरलं.

खरं ठरलं ते कसं, हे मात्र कुणी बघितलं नाही. बाळ भुकेलं होतं कारण वेळेवर पाजलं नव्हतं. पाजलं नव्हतं कारण आपण बसलो होतो. रडायला लागल्यावर ते छातीला लागलं नाही, आणि न लागण्याचा अर्थ आपण ‘दूध नाही’ असा लावला. पुढं ते चार तास झोपलं म्हणजे पाजायची एखाद-दुसरी वेळ चुकली. त्या वेळेत छाती भरून दगडासारखी झाली, त्यामुळं रात्री बाळाला पकडायला आणखी जड गेलं, आणि घरात डबा आलेलाच होता. असं चार-सहा दिवस चाललं की दूध खरोखर आटत जातं. मग ती बाई आयुष्यभर सांगत राहते, ‘मला दूधच आलं नाही.’

पाहुणे गेल्यावर मी तिच्या आईला विचारलं, सकाळपासून लंगोट किती ओले झाले? चार, पाचवा आत्ताचा. शीचा रंग? काळसर हिरवी जाऊन पिवळट व्हायला लागलेली. दवाखान्याचा कागद बघितला. जन्माचं वजन 2900 ग्रॅम, सोडतानाचं 2690. म्हणजे 210 ग्रॅमची घट, सात टक्क्यांच्या किंचित वर. चौथ्या दिवशी, सिझरनंतर, एवढं चालतं, मात्र नजर ठेवायची. दूध कमी असल्याची एकही खूण त्या घरात नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिच्या आईनं दार लावून घेतलं, बाळ आईच्या छातीशी उघड्या अंगानं ठेवलं, चुळबुळ केली की पाजलं. डबा दोन दिवसांत मागं पडला. सातव्या दिवशी आशाताई काटा घेऊन आल्या तेव्हा वजन 2760 भरलं. रोजचे वीस-पंचवीस ग्रॅम चढत होते, आणि दुसरा आठवडा संपेपर्यंत बाळ जन्माच्या वजनावर आलं.

सगळीकडं असं होत नाही, हेही सांगायला पाहिजे. काही जणींना खरंच दूध कमी येतं, काही बाळांना ओढता येत नाही, काही वेळा डॉक्टर स्वतःच वरचं दूध सुरू करतात आणि ते बरोबर असतं. तेव्हा ‘काही होत नाही, सगळं ठीक होईल’ हेही आंधळेपणानं म्हणायचं वाक्य नव्हे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहापेक्षा कमी लंगोट ओले होत असतील, बाळ पाजायला उठतच नसेल, मलूल पडलं असेल, पिवळेपणा हातापायांच्या तळव्यांपर्यंत गेला असेल, अंगात 38 अंश सेल्सिअसच्या वर ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडं न्यायचं, ‘कोवळ्या उन्हात ठेवा’ म्हणत थांबायचं नाही. पण हे बघायचं काम घरच्यांचं, आशाताईंचं आणि डॉक्टरांचं. कुंदा खात खुर्चीवर बसलेल्या माणसाला रडण्यावरून दुधाचा अंदाज येत नाही. फारच शंका आली तर बाळाच्या बापाला बाहेर घेऊन हळूच विचारावं, ‘वजन परत कधी करायचंय?’ आईला नाही.

सरकारलासुद्धा हे कळलेलं आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. कर्नाटकातही हेच आणि पलीकडं महाराष्ट्रातही हेच. त्या गेल्या की आधी हात धुतात, वजन करतात, ताप बघतात, पाजताना बघतात. म्हणजे बाळ बघायला जायची एक शहाणी रीत आपल्याच गल्लीत रोज चालू आहे. आपण तिच्याकडं नोकरी म्हणून बघतो.

जुन्या काळी ही अडचण कमी होती, कारण सोयर होतं. दहा-बारा दिवस बाहेरच्यांनी त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही, बाळंतिणीच्या खोलीत सुईण आणि घरातली एखादी म्हातारी सोडून कुणी जायचं नाही, आणि सव्वा महिना बाईनं उंबरा ओलांडायचा नाही. माणसं बाळ बघायची ती बारशालाच. या सगळ्याच्या मुळाशी विटाळाची कल्पना होती, ती गेली ते बरं झालं. त्या खोल्यांत उजेड नसे, वेखंड-ओव्याची धुरी बाळाच्या छातीत जाई, आणि टाके पिकतील म्हणून पाजणाऱ्या बाईला पाणी तोलून देत, हे तर आजही काही घरांत चालतं. त्याचं कौतुक मला करायचं नाही. पण त्या रीतीत एक कुंपण होतं, आणि त्या कुंपणाच्या आत आई आणि बाळ एकमेकांना शिकून घेत. आपण सोयर मोडलं, कुंपणही मोडलं, आणि त्या जागी काहीच घातलं नाही. आता बाळाचा पहिला फोटो तासाभरात फोनवर येतो, आणि संध्याकाळी भेटीच्या वेळेत वॉर्डात जत्रा भरते.

कुंपणाचा दुसरा फायदा आजाराचा. डांग्या खोकल्याची लस बाळाला पहिल्यांदा मिळते ती सहाव्या आठवड्यात. जन्मताना बीसीजी, पोलिओचा डोस आणि कावीळ-बी एवढंच देतात. मोठ्या माणसाचा ‘जरा घसा धरलाय’ हा खोकला तीन आठवड्यांच्या बाळाला दवाखान्यात पोचवू शकतो. ओठाशेजारी तापाची पुळी उठलेली असताना बाळाचा मुका घेणं तर सरळ धोक्याचं. खोकला, सर्दी, ताप असला तर जायचं नाही, गेलं की साबणानं हात धुवायचे, तोंडाला तोंड लावायचं नाही. हे कुणी सांगितलं तर आपल्याला अपमान वाटतो, म्हणून न सांगता आपणच करावं. आणि बाळाच्या मुठीत नोट कोंबायची पद्धत. ती नोट किती हातांतून आलीय ते आपल्याला माहीत असतं, आणि ती मूठ दोन मिनिटांत तोंडात जाते तेही. पैसे द्यायचेत तर आजीच्या हातात द्या.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकायला मिळतो आणि तो खोटा नाही. माणसं आलीच नाहीत तर ती पोरगी एकटी पडेल. इकडं नात्यांची घडण येण्याजाण्यावरच आहे. कुणाच्या बाळंतपणाला कोण आलं, बाळंतविड्यात काय आणलं, हे वीस-वीस वर्षं लक्षात राहतं. माहेर गोकाककडचं कन्नड, सासर बेळगावचं मराठी, अशा घरांत तर ही पहिली भेट दोन्हीकडच्यांना जवळ आणते. शिवाय चार भिंतींत रात्रंदिवस एक बाळ आणि एक आई, ही अवस्था बाईला आतून खाते, हेही खरं. म्हणून माझं म्हणणं जाऊ नका असं नाही. पहिले दहा-बारा दिवस घरच्यांनाच राहू द्या. त्यानंतर जा, थोडं बसा, आणि तुम्ही बाळासाठी आलात की आईसाठी, हे निघायच्या आधी ठरवून जा.

आईसाठी जायचं ठरवलं की बोलणं आपोआप बदलतं. जायच्या आधी फोन, पण ‘येऊ का?’ असा नको, कारण त्याला कुणी नाही म्हणत नाही. ‘कधी आलेलं बरं पडेल ते सांग. या आठवड्यात नको असेल तर पुढच्या आठवड्यात येते.’ एवढं म्हटलं की नाही म्हणायला वाट राहते. खोलीत गेल्यावर पाळण्याकडं धावायच्या आधी तिच्याकडं बघून, ‘कशी आहेस गं? जेवलीस काय?’ बाळ कुणी हातात दिलं तर घ्यावं, मागू नये. आणि बाळानं चुळबुळ केली रे केली की तिनं सांगायची वाट न बघता उठावं, ‘तू पाज निवांत, आम्ही बाहेर बसतो.’ त्या खोलीत पाहुण्याला बोलता येईल असं सगळ्यात उपयोगाचं वाक्य हेच, आणि ते पुरुषानं म्हटलं तर आणखी चांगलं.

बाळाबद्दल काय बोलावं? ‘छान आहे गं’ पुरतं. रंगावर बोलू नये, बारीक आहे म्हणू नये, नाक कुणाचं आणि कपाळ कुणाचं याची पंचायत भरवू नये. मुलगी झाली असेल तर ‘पहिली बेटी धनाची पेटी’ हे म्हणायचा मोह आवरावा. बोलणाऱ्याच्या मनात चांगलंच असतं, पण ते सांत्वन आहे, आणि सांत्वन करायला त्या घरात काही वाईट घडलेलं नाही. सिझर झालेल्या बाईला ‘कळा तरी सोसाव्या लागल्या नाहीत’ असं सांगणाऱ्यांनी पोटाचे सात पदर कापून शिवल्यावर चौथ्या दिवशी शिंकून बघावं.

ती म्हणाली, ‘थकलेय गं,’ तर आपल्या तोंडात दोन वाक्यं तयार असतात. एक, ‘आत्ता कुठं सुरुवात आहे,’ आणि दुसरं, ‘आमच्या वेळी पाच-पाच पोरं वाढवली बायकांनी.’ दोन्हींचा अर्थ, तुझं थकणं खरं नाही. हिशेब केला तर ते किती खरं आहे ते दिसतं. दिवसाला दहा वेळा पाजायचं, प्रत्येक वेळी पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं, झोपवणं मिळून पाऊण तास. साडेसात तास झाले. म्हणजे पूर्ण पाळीची नोकरी, फक्त ती चोवीस तासांत तुकड्या-तुकड्यांनी पसरलेली आणि रात्रीही चालू. मधल्या तुकड्यांत झोप घ्यायची असते, आणि दुपार-संध्याकाळचे ते तुकडे आपण येऊन खातो. तेव्हा ‘थकणारच तू. रात्री किती वेळा उठलीस?’ असं विचारावं आणि मग गप्प बसून ऐकावं. उपाय सांगायला घाई करू नये. पाऊण तासाच्या हिशेबातला एखादा तुकडा आपल्याला उचलता आला तर उचलावा. लंगोट वाळत घालावेत, भांडी विसळावीत. बाळाला आजीकडं देऊन तिला म्हणावं, ‘तू पड अर्धा तास, मी फोन उचलते.’

बापाकडं तर कुणीच बघत नाही. तो पेढे वाटतो, बिलं भरतो, रात्री उठतो आणि सकाळी कामावर जातो. त्याचा मित्र म्हणून भेटायला गेलात तर ‘पार्टी कधी?’ आधी नको. ‘झोपलास काय रे? उद्या खानापूरला जायचंय तर गाडी मी चालवतो,’ हे बोला. झोप नसलेल्या माणसाच्या हातात गाडी असणं हा भलताच धोका असतो. आणि सीमाभागातल्या मित्राला आणखी एक काम करता येतं, ते दुसरीकडच्यांना सुचणार नाही. बाळ बेळगावात जन्मलं तर जन्माची नोंद बेळगावातच होते, आईबाप पलीकडच्या चंदगडचे असले तरी, आणि ती 21 दिवसांच्या आत व्हायला पाहिजे. दवाखाना माहिती पाठवतो, पण नावांची स्पेलिंगं, पत्ता, आधारवरचं नाव हे बापालाच बघावं लागतं. कर्नाटकातलं तायी कार्ड कन्नडात असतं. मराठी शाळेत शिकलेल्या किती तरी बापांना त्यातल्या लसीच्या तारखा धड वाचता येत नाहीत, आणि विचारायला लाज वाटते. कन्नड येणाऱ्या मित्रानं ‘कार्ड दे बघू, पुढची तारीख कधी आहे ते फोनमध्ये घालून देतो’ म्हटलं तर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याच्या लसी चुकत नाहीत. चांदीच्या वाळ्यांपेक्षा ही भेट मी वरची धरते.

खायला न्यायचं तर भाकरी, मुगाचं वरण, शेपूची भाजी असा एका वेळचा डबा न्यावा, आणि तो परत करायची घाई नाही असं सांगावं. पावडरीचा डबा किंवा दुधाची बाटली भेट म्हणून कधीच नेऊ नये. 1992 च्या कायद्यानं या देशात बाळाच्या पावडरीची आणि बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे, कंपनीला ते फुकट वाटताही येत नाही. जे कंपनीला करता येत नाही ते आपण प्रेमानं करतो. घुटी आणि मध हाही त्याच पिशवीतला माल. मध तर वर्षाच्या आत बाळाच्या जिभेला लावायचाच नाही, त्यातल्या जंतूंनी बाळाच्या स्नायूंचं बळ जाण्याचा गंभीर आजार होऊ शकतो.

एक गोष्ट अवघड आहे, आणि ती जवळच्या मैत्रिणीच्याच वाट्याला येते. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या आसपास पुष्कळ बायकांना उगाच रडू येतं. ते दोन आठवड्यांत ओसरतं. पण दोन आठवडे उलटल्यावरही ती सारखी रडत असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, ‘मला याच्याबद्दल काही वाटतच नाही’ असं म्हणत असेल, तर ‘असं बोलू नये गं, दृष्ट लागेल’ म्हणून तिचं तोंड बंद करू नका. ‘बोल, मी ऐकतेय. कुणाला सांगणार नाही,’ एवढंच म्हणा. मग मात्र नवऱ्याला घेऊन डॉक्टरांकडं जायची व्यवस्था करा. 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर चोवीस तास फुकट बोलता येतं, कन्नडातही आणि मराठीतही. स्वतःला किंवा बाळाला काही करून घ्यायचे विचार ती बोलून दाखवत असेल, नाहीतर भलतंसलतं, संबंध नसलेलं बोलत असेल, तर तिला क्षणभरही एकटं न सोडता त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

राहिला प्रश्न हे सगळं लोकांना सांगायचं कुणी. दवाखान्यांनी प्रसूती वॉर्डात दुपारी दोन तास कुणालाही आत सोडू नये आणि एका वेळी दोनच माणसं, अशी पाटी दोन्ही भाषांत लावावी, ही मागणी आपण करायला हरकत नाही. पण दारावरचा शिपाई आपल्याच भावकीशी भांडून थकतो, हेही आपल्याला माहीत आहे. म्हणून काम घरातूनच व्हायला हवं. बाळ झालं की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटोबरोबर एवढा निरोप जाऊ दे: ‘बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. बारशाला सगळ्यांनी यायचंच. तोवर दोघांना विश्रांती देऊया. डबा द्यायचा असेल त्यांनी आधी मला फोन करावा.’ निरोपाखाली नाव आजोबांचं किंवा आजीचं असावं. त्यांच्या नावानं गेला तर येळ्ळूरच्या आत्याबाईही मान डोलावतात. सुनेच्या नावानं गेला तर तोच निरोप पुढची दहा वर्षं लग्नाकार्यात ऐकवला जातो.